सोमवारी साडेनऊला या

नोकरी लागल्याचं पत्र आलं की घरात पेढे वाटले जातात, पण त्या पत्रात वाचण्यासारखं फारसं नसतं. नेमणुकीचा दिनांक, वेतनश्रेणी, सहा महिन्यांचा परिविक्षा काळ, ‘काम समाधानकारक न वाटल्यास कोणतीही पूर्वसूचना न देता सेवा समाप्त करण्यात येईल’ हे एक वाक्य आणि खाली शिक्का. हे पत्र कायद्यासाठी असतं आणि ते तसंच असायला हवं. परंतु रुजू होणाऱ्या माणसाला त्या आठवड्यात पडलेल्या प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर त्यात नसतं. पहिल्या दिवशी कुणाला भेटायचं? हातात काम काय देतील? आपलं काही चुकलं तर काय होईल? ही उत्तरं देणारं दुसरं एक लिखाण असतं. ज्याच्या हाताखाली काम करायचं, त्या अधिकाऱ्याने स्वतः पाठवलेला स्वागताचा निरोप. आपल्याकडे तो बहुधा पाठवलाच जात नाही. आणि पाठवला, तर ‘आपल्या परिवारात स्वागत, काही शंका असल्यास निःसंकोच विचारा’ एवढ्यावर आटोपतो.

असा निरोप नीट कसा लिहायचा हे एका जागेच्या आधाराने पाहू. जागा म्हणजे तालुक्याच्या गावातली नागरी सहकारी बँकेची शाखा. माणसं सहा-सात. शाखाधिकारी, व्यवहार मंजूर करणारा एक अधिकारी, दोन-तीन काउंटर, एक शिपाई. तिथे बी.कॉम. झालेली, शेजारच्या गावातून एसटीने येणारी तेवीस वर्षांची मुलगी कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू होणार आहे. बँकेची शाखा मुद्दाम निवडली, कारण इथे अपेक्षा मोघम ठेवून चालत नाही. रोज संध्याकाळी रोकड जुळते किंवा जुळत नाही. मधलं काही नसतं. आणि पहिल्याच महिन्यात नव्या माणसाच्या हातून अशी एखादी गोष्ट होऊ शकते की जिचे परिणाम त्याला वर्षभर भोगावे लागतात.

शाखाधिकाऱ्याने शुक्रवारी संध्याकाळी तिला व्यक्तिशः पाठवायचा निरोप साधारण असा असावा. सुरुवातीला तिचं नाव येईल, ते धरून चालू.

‘नमस्कार. सोमवारपासून तुम्ही आपल्या शाखेत येत आहात, याचा आम्हा सगळ्यांना आनंद आहे. घरच्या किराणा दुकानाची उधारीची वही तुम्हीच सांभाळता, असं तुम्ही मुलाखतीत सांगितलं होतं. ते माझ्या चांगलं लक्षात आहे. आपल्या कामात ती सवय उपयोगी पडेल.

सोमवारी साडेनऊला या. मूळ गुणपत्रिका, आधार, पॅन आणि दोन फोटो सोबत असू द्या. सोमवार आपल्याकडे बाजाराचा दिवस आहे, गर्दी असते, त्यामुळे दुपारपर्यंत मी तुमच्याशी फार बोलू शकणार नाही. तोवर दोन नंबरच्या काउंटरवर बसणाऱ्या ताईंशेजारी बसा. पहिला महिनाभर काहीही विचारायचं झालं तर आधी त्यांना विचारा. त्यांना तसं सांगितलं आहे आणि त्यासाठी त्यांच्याकडचं थोडं काम कमी केलं आहे. जेवणाची सुट्टी दोनला असते. सगळे एकत्र बसतो. डबा आणलात तर उत्तम, नाहीतर समोर खानावळ आहे.

पहिले दोन आठवडे तुमच्याकडे रोकड देणार नाही. पासबुक भरणं, खाते उघडण्याचे अर्ज तपासणं, केवायसीची कागदपत्रं लावणं एवढंच. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी बचत खात्याचा अर्ज तुम्ही एकटीने, काही न सुटता तपासू शकाल अशी माझी अपेक्षा आहे. महिनाअखेर भरणा काउंटर शिकायला घेऊ.

चुका होतील. खाते क्रमांक टाकताना आकडा इकडचा तिकडे होईल, व्हाउचर चुकीच्या गठ्ठ्यात जाईल. लक्षात आल्याबरोबर, दिवस बंद करण्यापूर्वी सांगा. तेव्हा दुरुस्ती पाच मिनिटांची असते.

तीन गोष्टींत मात्र सवलत नाही. तुमचा पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही, मलाही नाही. कुणी मागितला तर साहेबांनी सक्त मनाई केली आहे म्हणून सांगा. पुढे काउंटरवर बसाल तेव्हा रोकड कमी भरली किंवा जास्त भरली तर त्याच दिवशी सांगायचं. स्वतःच्या पाकिटातून भर घालायची नाही. आणि कुणाच्या खात्यावर किती आहे, हे शाखेबाहेर बोलायचं नाही, घरीसुद्धा नाही.

दर शुक्रवारी चार वाजता पंधरा मिनिटं आपण दोघं बसू. काय जमलं, काय अडलं ते मी विचारीन आणि तुमचं काम कसं चाललं आहे ते स्पष्ट सांगेन. सहा महिन्यांनंतरचा शेरा तुम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळेल असं होणार नाही. आपल्या शाखेचं काम काटेकोर आहे, आणि ते तुम्हाला जमेल असं वाटलं म्हणूनच तुमची निवड केली.’

मोबाइलवर वाचायला दोन-तीन मिनिटं लागतात. यात आपुलकी आहे, पण ती विशेषणांत नाही. ती आहे ‘त्यांच्याकडचं थोडं काम कमी केलं आहे’ या अर्ध्या वाक्यात. नवा माणूस प्रश्न विचारत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा लाज हे नसतं. समोरचा आपल्यामुळे खोळंबतो आहे हे त्याला दिसत असतं. काउंटरवर दहा माणसांची रांग आहे, ताईंचे हात भराभर चालले आहेत, अशा वेळी ‘हा अर्ज अज्ञान खातेदाराचा आहे, पालकाची सही कुठे घ्यायची?’ हे विचारायला जीभ रेटत नाही. ‘निःसंकोच विचारा’ म्हटल्याने हा संकोच जात नाही. कुणाला, कधी विचारायचं आणि त्या माणसाला त्यासाठी वेळ काढून दिला आहे, हे सांगितल्याने तो जातो. अर्थात ते खरं असायला हवं. ताईंशी आधी बोलून, त्यांच्याकडचं पासबुक छपाईचं काम महिनाभर दुसरीकडे वळवून मगच हे वाक्य लिहायचं.

किराणा दुकानाच्या वहीचा उल्लेख काहींना सजावट वाटेल. तसं नाही. डॅन केबल, फ्रान्सेस्का जिनो आणि ब्रॅडली स्टाट्स या तीन संशोधकांनी भारतातच, विप्रोच्या कॉल सेंटरमध्ये, नव्याने रुजू होणाऱ्यांवर एक प्रयोग केला होता. त्याचा निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीचं प्रशिक्षण दिलं. काहींना त्याबरोबर कंपनीचा मोठेपणा सांगितला. आणि काहींना पहिल्या दिवशीचा तासभर स्वतःबद्दल विचार करायला दिला: मी कामात सर्वांत चांगला कधी असतो, ते गुण इथे कसे वापरीन. सहा महिन्यांनी पाहिलं तर नेहमीचं प्रशिक्षण घेतलेल्यांत नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण या तिसऱ्या गटापेक्षा बरंच जास्त होतं. आपल्या शाखाधिकाऱ्याला तासभराचा कार्यक्रम करायची गरज नाही. मुलाखतीत ऐकलेली एक खरी गोष्ट लक्षात ठेवून ती कामाशी जोडली, तर रुजू होणाऱ्याला कळतं की आपल्याला नावानिशी निवडलं आहे. मुलाखतीतलं काहीच आठवत नसेल, तर ते वाक्य गाळावं. ‘तुमच्यातली चमक आम्हाला दिसली’ असं कुणालाही लागू पडणारं लिहू नये. ते वाचणाऱ्याला लगेच समजतं.

अपेक्षेचं वाक्य लिहिणं सगळ्यांत अवघड. ‘कामात अचूकता ठेवा’, ‘लवकरात लवकर काम शिकून घ्या’ ही वाक्यं अपेक्षेसारखी दिसतात, पण ती पूर्ण झाली की नाही हे लिहिणाराही सांगू शकत नाही. मग नवा माणूस अंदाज बांधतो. दोन आठवड्यांत तिला भरणा काउंटर येत नाही म्हणून ती रात्री झोपत नाही, आणि साहेबांच्या मनात तर काउंटर महिनाअखेरीचा असतो. ‘दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी बचत खात्याचा अर्ज एकटीने, काही न सुटता तपासणं’ यात काम कोणतं, कधीपर्यंत आणि झालं हे ओळखायचं कसं, हे तिन्ही आलं. अर्जावर फोटो आहे, नमुना सही आहे, ओळख आणि पत्त्याचा पुरावा मूळ कागदाशी ताडून पाहिला आहे, वारसाचं नामनिर्देशन भरलं आहे किंवा नको असल्याचं खातेदाराने लिहून दिलं आहे. अधिकाऱ्याने असे पाच अर्ज उघडून पाहिले की उत्तर मिळतं. आणि तितकंच महत्त्वाचं, काय अपेक्षित नाही हेही त्यात सांगितलं आहे: दोन आठवडे रोकड नाही. नव्या माणसाच्या डोक्यावरचं निम्मं ओझं या एका वाक्याने उतरतं.

आता त्या तीन सवलत नसलेल्या गोष्टी. इथे काही अधिकारी कचरतात. पहिल्याच निरोपात मनाई कशी लिहायची, वाईट दिसेल असं त्यांना वाटतं. माझं मत नेमकं उलट आहे. मनाई आधी सांगणं हीच खरी माया, कारण न सांगितलेल्या नियमाची शिक्षा नव्या माणसाला सर्वांत जास्त लागते.

पासवर्डचंच पाहा. बँकेच्या संगणकप्रणालीत बहुतेक नोंदींना दोन माणसं लागतात. एक नोंद करतो, दुसरा ती तपासून मंजूर करतो, आणि दोघांची ओळख त्या नोंदीला कायमची चिकटते. ही दोन माणसांची अट ग्राहकाच्या पैशाचं खरं कुलूप आहे. बाजाराच्या दिवशी मंजूर करणारा अधिकारी बाहेर गेलेला असतो, रांग वाढते, आणि कुणीतरी म्हणतं, ‘त्यांचा पासवर्ड मला माहीत आहे, टाक.’ किंवा जुना सहकारी नव्या मुलीला प्रेमाने म्हणतो, ‘तुझ्या लॉगिनने एवढ्या दोन नोंदी करतो गं, माझं मशीन अडलंय.’ वाईट हेतू असतोच असं नाही. पण एकाच माणसाने दोघांच्या नावाने नोंद केली की कुलूप उघडं पडलं. पुढे त्यात काही निघालं, तर तपासणीत पडद्यावर नाव तिचं दिसतं. ‘मी केलेलं नाही’ हे सिद्ध करायला तिच्याकडे काहीच नसतं.

वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला तेवीस वर्षांची मुलगी नाही कशी म्हणणार? त्याला ती दादा म्हणते, तो तिला डब्यातली भाजी देतो. म्हणून निरोपात फक्त नियम देऊन भागत नाही, नकार देण्यासाठी लागणारं वाक्यही द्यावं लागतं: साहेबांनी सक्त मनाई केली आहे. यात वाईटपणा साहेबांकडे जातो, आणि तो घेण्यासाठीच साहेब असतात. ‘मलाही नाही’ हे दोन शब्दही मुद्दाम आहेत. वरिष्ठाने स्वतःला नियमातून वगळलेलं नाही हे दिसलं की तो नियम सगळ्या शाखेला लागू होतो.

रोकडीच्या नियमामागची गोष्ट याहून नाजूक आहे. संध्याकाळी नोटांची फोड लिहून बेरीज केली आणि पाचशे रुपये कमी आले. पाचशेच्या दोन नोटा चिकटून गेल्या, काहीही झालेलं असू शकतं. कॅशियरने कमी पडलेली रक्कम भरून द्यायची, असा रिवाज पुष्कळ ठिकाणी आहे. त्यामुळे नवा माणूस कुणाला न सांगता पाकिटातून पाचशेची नोट काढतो आणि हिशेब जुळवतो. हे प्रामाणिकपणाचं वाटतं, तरी यातूनच दोन नुकसानं होतात. एक म्हणजे, चूक कुठे झाली याचा शोध त्याच दिवशी घेतला तर पैसे परत मिळण्याचा संभव असतो. शेवटच्या तासातली व्हाउचरं पाहिली, जास्त गेल्याची शंका असलेल्या ग्राहकाला फोन केला, तर पुष्कळदा पैसे परत येतात. तो शोधच होत नाही. दुसरं असं की, ज्याने कमी पडलेले पाचशे गुपचूप घातले, त्याला पुढच्या आठवड्यात जास्त आलेले तीनशे गुपचूप ठेवावेसे वाटले तर नवल नाही. आधीचे आपलेच तर गेले होते. इथे हात घसरतो. जास्त आलेली रक्कम बँकेच्या पुस्तकात वेगळी जमा करून ठेवायची असते, कारण ती कुणातरी ग्राहकाची असते आणि तो उद्या विचारायला येईल. जिथे सहा महिन्यांत एकदाही रोकड कमी-जास्त झालेली दिसत नाही, त्या काउंटरकडे जाणता अधिकारी आधी पाहतो.

तिसरा नियम तालुक्याच्या गावात रोज कसोटीला लागतो. तिच्या आत्याचे दीर, शाळेतले सर, दुकानाला माल देणारा व्यापारी, सगळ्यांची खाती याच शाखेत. ‘अगं, अमक्याचं कर्ज थकलंय म्हणे?’ हा प्रश्न एसटीच्या थांब्यावर येणारच. म्हणून ‘घरीसुद्धा नाही’ असं लिहायचं.

सवलत नसलेल्या गोष्टी तीनच का? कारण नोकरीच्या पहिल्या निरोपात माणसाच्या लक्षात तेवढ्याच राहतात. बनावट नोट ओळखून ती ग्राहकाला परत न देता जप्त कशी करायची, पोचपावती कशी द्यायची, पॅन कोणत्या व्यवहाराला लागतो, हे सगळं महत्त्वाचं आहे. पण ते काउंटर शिकताना, नोट हातात घेऊनच शिकवायला हवं. निरोपात वीस नियम भरले की त्याचं परिपत्रक होतं, आणि परिपत्रक सही करून फाइलला लावायचं असतं हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

निरोपाचं शेवटचं वाक्य पुन्हा पाहा: काम काटेकोर आहे, आणि ते तुम्हाला जमेल असं वाटलं. दोन्ही अर्धी एकत्र हवीत. अमेरिकेत डेव्हिड येगर, जेफ्री कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातवीच्या मुलांच्या निबंधांवर एक प्रयोग केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. शिक्षकांनी सगळ्यांच्या निबंधांवर दुरुस्त्या सुचवल्या. निम्म्या मुलांना सोबत साधी चिठ्ठी दिली, बाकीच्यांना अशी की, माझ्या अपेक्षा खूप उंच आहेत आणि तू तिथवर पोहोचशील हे मला माहीत आहे, म्हणून हे शेरे दिले. कृष्णवर्णीय मुलांमध्ये साध्या चिठ्ठीनंतर १७ टक्क्यांनी निबंध सुधारून दिला, दुसऱ्या चिठ्ठीनंतर ७२ टक्क्यांनी. शाळा आणि बँक वेगळी, वय वेगळं, हे मान्य. तरी ज्याला आपण इथले आहोत की नाही याचीच शंका आहे, त्याला नुसती कडक अपेक्षा नाकारल्यासारखी वाटते आणि नुसतं कौतुक सहानुभूतीसारखं, हे आपल्या शाखेतही दिसतं.

हा निरोप शाखेच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नये. गटावर स्वागत करावं, फूल पाठवावं. अपेक्षा मात्र एकटीला. सगळ्यांसमोर ‘दोन आठवडे रोकड देणार नाही’ म्हटलं की ती अविश्वासाची जाहीर पाटी होते. वय कमी असलं तरी लिहिताना ‘तुम्ही’च हवं, शाखेत पुढे ताई-दादा, अगं-तुगं आपसूक सुरू होतं.

निरोप कामी आला की नाही, याची खूण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिळते. समजा भरणा काउंटर शिकताना तिने १५,४०० रुपयांचा भरणा चुकून दुसऱ्याच खात्यात जमा केला. खाते क्रमांकातले शेवटचे दोन आकडे उलटे पडले. मंजूर करणाऱ्यानेही रांगेच्या घाईत ते पाहिलं नाही. सव्वाचारला व्हाउचरं ताडताना तिच्या लक्षात आलं. ती उठून साहेबांकडे गेली, तर नोंद उलटवून योग्य खात्यात जमा होते, दोघा खातेदारांना मोबाइलवर गेलेल्या संदेशांबद्दल फोन होतात, आणि साडेचारला विषय संपतो. ती गप्प राहिली आणि दिवस बंद झाला, तर दुसऱ्या दिवशी मागील तारखेची दुरुस्ती, त्यासाठी मुख्य कार्यालयाची परवानगी. आणि मधल्या वेळात चुकीच्या खातेदाराने एटीएममधून पैसे काढले तर वसुलीची धावपळ. सव्वाचारला आलेल्या मुलीला साहेब काय म्हणतात, यावर निरोपाचं पुढचं आयुष्य ठरतं. ‘बरं झालं लगेच आलात’ हे पहिलं वाक्य, आणि ‘नाव ताडून मगच रक्कम टाकायची, उद्यापासून तसं करा’ हे दुसरं. क्रम उलटला तर पुढची चूक सव्वाचारला येत नाही. मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यालाही, तिच्यामागे, तेवढंच स्पष्ट सांगावं लागतं. दोन डोळ्यांऐवजी चार डोळे ठेवलेत ते याचसाठी.

निरोपाच्या आवाक्याबाहेरचंही बरंच आहे. सात माणसांचं काम पाच जण करत असतील, बाजाराच्या दिवशी मंजुरीचा अधिकार असलेला एकच माणूस असेल आणि तोच वसुलीला पाठवला असेल, तर पासवर्ड देऊ नका या वाक्याला अर्थ राहत नाही. आपणच पाळायला अशक्य केलेला नियम मोडल्याबद्दल मग त्या मुलीला बोल लावता येणार नाही. म्हणून निरोप पाठवण्यापूर्वी शाखाधिकाऱ्याने सोमवारचा तक्ता उघडावा, दहा ते तीन मंजुरीला कोण आहे ते पाहावं, आणि जागा रिकामी असेल तर वसुलीचा दिवस बदलावा.

शुक्रवारची पंधरा मिनिटं पहिली दोन वेळा होतात आणि मग तपासनीस येतात, महिनाअखेर येते, राहून जातात. राहिली तर ‘आज जमणार नाही, सोमवारी साडेतीनला बसू’ एवढं तरी सांगायला हवं. त्या बैठकीत ‘सगळं ठीक ना?’ विचारू नये. उत्तर ‘हो सर’ असंच येतं. या आठवड्यात कोणत्या कामाला सर्वांत जास्त वेळ लागला? कोणता प्रश्न विचारायचा राहून गेला? आणि महिन्यातून एकदा, दार लावून: कुणी पासवर्ड मागितला का? मागितला असेल, तर तिचं नाव मध्ये न आणता त्या सहकाऱ्याशी त्याच दिवशी बोलायचं, आणि त्याचं मशीन का अडतं तेही बघायचं.